गाळणीतून काय निसटतं?

(रायपूर इथल्या एका स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)

पाण्याच्या इतिहासात 1892 हे वर्ष तीन ठिकाणी येतं, आणि त्यातलं एक ठिकाण रायपूर आहे. त्या वर्षी खारून नदीचं पाणी शहराला देणारं ‘बलरामदास वॉटर वर्क्स’ सुरू झालं. नाव राजनांदगावच्या राजाचं. तोवर तलावांचं शहर म्हणून मिरवणारं रायपूर तलावांचंच पाणी पीत होतं.

दुसरं ठिकाण जर्मनीतलं हँबर्ग. त्याच उन्हाळ्यात तिथे पटकी आली आणि काही आठवड्यांत आठ हजारांवर माणसं गेली. हँबर्ग एल्बे नदीचं पाणी न गाळता पीत होतं. भिंतीला भिंत लागून असलेल्या आल्टोना शहराला तेच पाणी वाळूतून गाळून मिळत होतं, आणि आल्टोना बरंचसं वाचलं. याच साथीत विल्हेल्म बेर्केफेल्ड नावाच्या उद्योजकाच्या मातीच्या कँडलचं नाव झालं. सूक्ष्म शेवाळाच्या सांगाड्यांपासून बनलेली एक भुसभुशीत माती असते. ती भाजून केलेली ही पोकळ नळी पटकीचा जंतू अडवत असे. मराठी घरांत स्टीलच्या दोन मजली फिल्टरमध्ये पांढऱ्या टोपीसारख्या दोन कँडल असायच्या, त्या याच घराण्यातल्या.

तिसरं ठिकाण सेंट पीटर्सबर्ग. दिमित्री इवानोव्स्की तंबाखूच्या पानांवरच्या एका रोगाचा अभ्यास करत होता. रोगट पानांचा रस त्याने चेंबरलँडच्या चिनीमातीच्या कँडलमधून गाळला. कोणताही जंतू त्यातून पलीकडे जात नाही असा त्या कँडलचा लौकिक होता. गाळलेला रस निरोगी पानांना लावला, तर पानं पुन्हा रोगट झाली. कँडलला तडा गेला असेल अशीही शंका त्याला आली. तडा नव्हता. कँडलच्या छिद्रांपेक्षा कितीतरी लहान असं काहीतरी पलीकडे गेलं होतं. पुढे त्याला विषाणू हे नाव मिळालं.

म्हणजे ज्या वर्षी कँडलने हँबर्गमध्ये नाव कमावलं, त्याच वर्षी तिची मर्यादाही कागदावर आली. विषाणू हा प्रकारच मुळी ‘कँडलमधून निसटणारा’ म्हणून माणसाला कळला. रायपूरच्या नळाला कोणता फिल्टर लावावा, या प्रश्नाचं अर्धं उत्तर या गोष्टीत आहे, कारण रायपूरला वारंवार छळणारा रोग पटकी नाही. तो आहे कावीळ, आणि ती विषाणूची आहे.

2014, 2018 आणि 2020 या वर्षांत रायपूरमध्ये काविळीच्या साथी आल्या. 2020ची साथ तर एप्रिलमध्ये, टाळेबंदीच्या ऐन दिवसांत आली, आणि सगळं जग एका विषाणूची धास्ती घेऊन बसलेलं असताना इथल्या काही वस्त्या दुसऱ्याच विषाणूने आजारी पडल्या. 2018ची साथही एप्रिलमधलीच. पाण्याचे रोग पावसाळ्यात येतात अशी सर्वसाधारण समजूत असते, मग हे उन्हाळ्यात कसं?

कारण नळाच्या पाइपात आहे. पाणी चोवीस तास येत नाही, सकाळी तासभर येतं आणि जातं. ते येत असताना पाइपात दाब असतो, त्यामुळे फटीतून पाणी बाहेर झिरपतं. पाणी गेलं की पाइप रिकामा होतो आणि झिरपणं उलटं होतं. जुन्या मोहल्ल्यांत घराचं कनेक्शन नालीतून किंवा नालीला चिकटून गेलेलं असतं, आणि गंजलेल्या सांध्यातून नालीचं पाणी आत येतं. उन्हाळ्यात दाब आणखी कमी असतो. त्यात कुणीतरी नळालाच टुल्लू पंप जोडतो. पंप पाणी ओढतो तेव्हा पाइपात दाब उरत नाही, ओढ निर्माण होते, आणि ती ओढ शेजारच्या दहा घरांच्या सांध्यांतून नाली आत खेचते. जलशुद्धीकरण केंद्रात पाणी कितीही स्वच्छ केलेलं असो, ते बिघडतं ते शेवटच्या पन्नास फुटांत.

हिपॅटायटिस ई हा यातला मुख्य गुन्हेगार, आणि त्याचा माग काढण्यात पुण्याचा मोठा वाटा आहे. 1955-56च्या हिवाळ्यात दिल्लीत काविळीचे सुमारे 29 हजार रुग्ण झाले. यमुनेच्या पाण्यात, शहरासाठी पाणी उचलायच्या जागीच, सांडपाणी शिरलं होतं. केंद्रावर क्लोरीन वाढवलं गेलं. गंमत अशी की विषमज्वर आणि हगवण वाढली नाही. जिवाणू मेले, विषाणू तरला. पुढे 1980 साली पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतल्या संशोधकांनी अमेरिकी सहकाऱ्यांबरोबर दिल्लीचे जपून ठेवलेले रक्तनमुने, अहमदाबादचे आणि खुद्द पुण्यातल्या साथीचे नमुने तपासले. ही कावीळ ‘अ’ही नाही आणि ‘ब’ही नाही, हे त्यांनी दाखवलं. 1983 मध्ये मिखाईल बालायन या रशियन शास्त्रज्ञाने रुग्णांच्या विष्ठेचं द्रावण स्वतः पिऊन हा विषाणू ओळखीच्या टप्प्यात आणला. विज्ञानावर इतकी निष्ठा ठेवायची की नाही, हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय.

हा विषाणू सुमारे 0.03 मायक्रॉन आकाराचा आहे. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. चांगल्या घरगुती कँडलची छिद्रं अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास असतात, म्हणजे विषाणूच्या सोळा-सतरापट. म्हशीच्या गोठ्याचं दार बंद असतं तेव्हाही फटीतून मांजर जातंच. कँडल पटकी, विषमज्वर, जंतांची अंडी आणि अमिबाच्या पुटी यांच्यासाठी उत्तम आहे. कँडलच्या जाडीत छिद्रांची वळणं असतात, काही विषाणू त्यात अडकतातही, पण त्यावर गरोदर बाईचा जीव सोपवता येत नाही. हिपॅटायटिस ई झालेल्या गरोदर स्त्रीला शेवटच्या तिमाहीत जिवाचा मोठा धोका असतो. चार-पाचांतली एक दगावू शकते.

तरीही कँडलला मोडीत काढणं चूक ठरेल. वीज नको, पाणी वाया जात नाही, आणि ती बिघडली की घरच्या घरी कळतं. कळायची रीत अशी. कँडलची खालची नट-वॉशर काढून ती पाण्यात बुडवायची, पूर्ण भिजू द्यायची, आणि दांडीच्या नळीतून हळूच फुंकायचं. भिजलेली छिद्रं हवा सोडत नाहीत. पण केसाएवढा तडा असेल तर नेमक्या त्याच जागेवरून बुडबुड्यांची सलग ओळ निघते. ती ओळ दिसली की कँडल फेकायची, तिथे सिमेंटची मलमपट्टी चालत नाही. एरवी पाणी मंद झालं की मऊ ब्रशने पांढरी साय येईपर्यंत घासायचं, साबण लावायचा नाही. प्रत्येक घासण्याने कँडल थोडी पातळ होते, म्हणून ती कायमची नसते. बस्तरकडच्या लोहयुक्त बोअरचं पाणी असेल तर लाल गंज तिला दोन-तीन दिवसांत बुजवून टाकतो. तिथे आधी लोह काढावं लागतं, आणि मगच कँडल.

आता कोळसा. नारळाच्या करवंटीचा कोळसा वाफेच्या भट्टीत आठशे-नऊशे अंशांपर्यंत तापवला की त्यात अतिसूक्ष्म बिळं तयार होतात. अशा एका ग्रॅम कोळशाचा आतला पृष्ठभाग हजार चौरस मीटरच्या घरात जातो, म्हणजे एवढ्याशा कोळशात जवळपास दहा गुंठे जमीन. मात्र ही जमीन चाळणीसारखी काही अडवत नाही. ती चिकटवून घेते, आणि तेही निवडून. तेलकट, सेंद्रिय, वासाचे रेणू तिला आवडतात: कीटकनाशकं, क्लोरीन घातल्यावर तयार होणारी काही संयुगं, कुजलेल्या पानांचा वास. क्लोरीनला तर ती रासायनिक क्रियेनेच नाहीसं करते. मीठ, फ्लोराइड, नायट्रेट, पाण्याचा जडपणा यांच्याकडे ती ढुंकूनही पाहत नाही. जंतूंनाही ती खऱ्या अर्थाने अडवत नाही, उलट त्यांना घर देते. क्लोरीन काढून टाकलेल्या पाण्यात, अंधारात, ओल्या कोळशावर, खायला भरपूर अन्न असताना जिवाणू रातोरात वाढतात. चार दिवस गावाला जाऊन आलेल्या घरात कोळशाच्या फिल्टरचं पहिलं पाणी प्यायचं नसतं, ते यामुळे. पहिले दोन-तीन तांबे झाडांना घालावेत.

इथे एक मोठी चूक नेहमी घडते. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास आला की लोकांना ते ‘औषधी’ वाटतं आणि ते लगेच कोळसा लावतात. पण तो वास म्हणजे पाणी घरापर्यंत जंतूंशी लढत आलं याची पावती असते. क्लोरीनला विषाणू मारायला वेळ लागतो. गोळी किंवा थेंब टाकल्यावर किमान अर्धा तास पाणी तसंच ठेवावं लागतं, आणि पाणी गढूळ असेल तर क्लोरीन त्या गाळावरच खर्च होतं. म्हणून आधी गाळ, मग क्लोरीन, मग अर्धा तास, आणि कोळसा सगळ्यात शेवटी. कोळसा आधी लावणं म्हणजे पहारेकऱ्याला दारातच निरोप देऊन मग रात्र काढणं.

तिसरी गाळणी म्हणजे पडदा, बाजारच्या भाषेत मेंब्रेन. आणि इथेच रायपूरच्या ग्राहकाची सगळ्यात जास्त फसगत होते, कारण मेंब्रेन हा एक शब्द दोन अगदी वेगळ्या वस्तूंसाठी वापरला जातो. एक अल्ट्राफिल्ट्रेशन, ज्याला यूएफ म्हणतात. शेवयांसारख्या पोकळ, पांढऱ्या धाग्यांचा जुडगा नळकांड्यात भरलेला असतो, आणि धाग्याच्या भिंतीची छिद्रं 0.01 मायक्रॉनच्या आसपास असतात. त्यातून क्षार सहज जातात, विषाणू जात नाही. त्याला फारसा दाब लागत नाही, गच्चीवरच्या टाकीचा उतार पुरतो. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने तर पॉलिसल्फोनचा असाच पडदा कँडलच्या आकाराच्या नळीवर चढवून विजेशिवाय चालणारा घरगुती फिल्टर तयार केला आणि त्याचं तंत्रज्ञान उद्योगांना दिलं.

दुसरी आरओ. तिची गोष्ट 1959-60च्या सुमाराला कॅलिफोर्निया विद्यापीठात सुरू झाली. सिडनी लोब आणि मूळ भारतीय श्रीनिवास सौरिराजन यांनी सेल्युलोज ॲसिटेटचा असा पडदा केला, ज्यातून दाबाखाली पाणी जातं आणि मीठ मागे राहतं. 1965 मध्ये कॅलिफोर्नियातल्या कोलिंगा गावाला या रीतीने खाऱ्या भूजलातून पिण्याचं पाणी मिळालं. आरओचा जन्मच मुळी खाऱ्या पाण्यासाठी झालेला आहे. तिला पंप लागतो, वीज लागते, आणि मागे राहिलेले क्षार वाहून न्यायला बरंच पाणी सोडून द्यावं लागतं. साधं घरगुती यंत्र आत गेलेल्या पाण्याचा चौथा हिस्सा पिण्यासाठी देतं. पाच माणसांच्या घरात पिण्या-स्वयंपाकाला दिवसाला 20 लिटर धरले, तर 60 लिटर मोरीत जातात, महिन्याला 1800 लिटर. म्हणूनच राष्ट्रीय हरित लवादाने मे 2019 मध्ये, ज्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमपेक्षा कमी आहेत तिथे आरओवर बंदी घालावी, असा आदेश दिला.

रायपूरचं नळाचं पाणी खारूनचं आणि महानदीवरच्या गंगरेल धरणातून कालव्याने येणारं. ते गोडं पाणी आहे. ते गढूळ होईल, त्याला वास येईल, त्यात नाली शिरेल, पण खारट होणं ही त्याची तक्रार नाही.

तरीही मोहल्ल्यात विक्रेता येतो. त्याच्याकडे दोन वस्तू असतात. एक पेनाएवढं टीडीएस मीटर. नळाच्या पाण्यात ते समजा 190 दाखवतं, त्याच्या यंत्राच्या पाण्यात 20. आकडा घसरला, पाणी शुद्ध झालं! मीटर खरं तर पाण्यातून वीज किती वाहते एवढंच मोजतं आणि त्यावरून क्षारांचा अंदाज देतं. काविळीच्या विषाणूंनी भरलेला पेला आणि उकळलेला पेला त्याला सारखेच दिसतात. दुसरी वस्तू अधिक नाट्यमय. एका डब्याला लोखंडाच्या आणि ॲल्युमिनियमच्या सळ्यांच्या दोन जोड्या असतात. एक जोडी नळाच्या पाण्याच्या पेल्यात, दुसरी आरओच्या पेल्यात. बटण दाबलं की नळाच्या पाण्यात तांबडा-हिरवट चिखल उसळतो आणि आरओचं पाणी तसंच राहतं. ‘हे तुम्ही रोज पिता!’ घरातली आजी घाबरते, सून पाकीट आणायला जाते. तो चिखल पाण्यातला नसतो, सळीतला असतो. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते, लोखंड विरघळतं, त्याचा गंज होतो. हे उघडं पाडायला चिमूटभर मीठ पुरतं. ते आरओच्या पेल्यात टाकून पुन्हा बटण दाबायला सांगावं. दोन्ही पेले सारखेच लाल होतात, आणि विक्रेता पुढच्या घराकडे निघतो.

इथे आरओवर अन्याय नको. चांगल्या स्थितीतला तिचा पडदा विषाणूही अडवतो. पण त्याला क्लोरीन सोसत नाही, म्हणून यंत्रात त्याच्या आधी कोळसा बसवलेला असतो. पडद्यापलीकडच्या टाकीत साठलेल्या पाण्याला मग कोणतंच संरक्षण उरत नाही, आणि त्यासाठी पुढे अतिनील दिवा जोडावा लागतो. म्हणजे विषाणू अडवण्यासाठी क्षार काढणारं यंत्र घ्यायचं, त्यासाठी दिवसाला साठ लिटर पाणी सोडायचं, आणि मग त्या यंत्राने उघडं पाडलेल्या पाण्याला पुन्हा दिव्याने झाकायचं. सुपारी फोडायला वरवंटा घेतल्यासारखं हे आहे. फुटते, पण अडकित्ता घरातच होता.

तर मग तात्यापाऱ्यासारख्या जुन्या मोहल्ल्यातल्या एका घरासाठी पायऱ्या कशा असाव्यात? एक नमुन्याचं घर धरू. पाच माणसं, सकाळी तासभर पाणी, गच्चीवर टाकी. पहिली तपासणी क्लोरीनची, आणि ती टाकीतून नाही, थेट नळाला. खेड्यापाड्यांत आरोग्यसेवक ‘ओटी’ करतात ती हीच: थोड्या पाण्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकायचे आणि पिवळा रंग येतो का पाहायचा. रसायन विषारी आहे, ते पाणी ओतून द्यायचं. लिटरला 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन नळाशी उरलेलं असावं असं भारतीय मानक सांगतं. रंग आलाच नाही, तर वाटेत काहीतरी क्लोरीन खाऊन बसलंय, आणि ते ‘काहीतरी’ बहुधा नालीचं आहे. शेजारच्या गल्लीत रंग येतो आणि या घरात नाही, तर दोष या घराच्या कनेक्शनमध्ये शोधावा. पाच हजारांचा फिल्टर घेण्याआधी पाचशेचा पाइप बदलणं अनेकदा जास्त उपयोगी पडतं.

दुसरी तपासणी काळ्या बाटलीची. 1982 मध्ये ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतल्या मांजा आणि सहकाऱ्यांनी ही स्वस्त रीत शोधली. बाटलीत रसायनाची पट्टी असते, त्यात पाणी भरून उबदार जागी ठेवलं आणि दिवस-दोन दिवसांत ते काळं झालं, तर पाण्यात विष्ठेशी नातं असलेले जिवाणू आहेत. दोन बाटल्या घ्याव्यात, एकीत नळाचं पाणी आणि दुसरीत फिल्टरचं. नळाचं काळं आणि फिल्टरचं स्वच्छ, तर फिल्टर काम करतो आहे. नळाचं स्वच्छ आणि फिल्टरचं काळं, असंही घडतं, आणि मग दोष कोळशात वाढलेल्या वसाहतीचा. मात्र दिल्लीची गोष्ट इथे आठवावी. ही बाटली जिवाणू दाखवते, विषाणू नाही. ती काळी झाली तर धोका नक्की आहे, पण स्वच्छ राहिली म्हणजे निर्धास्त व्हावं असं नाही.

या घराला जुळणारी मांडणी फार महाग नाही. पाणी आल्यावर पहिली दहा मिनिटं ते भरायचं नाही, कारण रात्रभर पाइपात शिरलेलं सगळं आधी येतं. मग गाळ अडवणारं धाग्याचं काडतूस, टाकीत क्लोरीनची गोळी पाकिटावरच्या प्रमाणात आणि अर्धा तास, नंतर कोळशाचं ठोकळ्यासारखं काडतूस, आणि सगळ्यात शेवटी यूएफ. यूएफ शेवटी, म्हणजे कोळशातून सुटलेले जिवाणूही तिथे अडतील. कोळशाचं काडतूस 3000 लिटरचं असेल आणि दिवसाला 20 लिटर वापर असेल, तर ते 150 दिवस चालेल. तोवर अधूनमधून गाळलेल्या पाण्याचीही ओटी करावी. पिवळं झालं की कोळसा संपला. पण उलट खरं नाही. क्लोरीन काढण्याची ताकद कोळशात उशिरापर्यंत टिकते, आणि कीटकनाशकं धरण्याची आधीच संपलेली असू शकते. म्हणून पिवळं होण्याची वाट न पाहता लिटरचा हिशेब पाळावा.

यूएफच्या धाग्यांची खूण आणखी मजेदार आहे. धार हळूहळू बारीक होणं चांगलं असतं, गाळ अडतो आहे असा त्याचा अर्थ, आणि उलटं पाणी सोडून धुतलं की धार सुधारते. पण न धुता एके दिवशी धार अचानक मोठी झाली, तर घरात आनंद होतो, आणि नेमका तो दिवस वाईट असतो. धागा तुटलेला असतो.

आता राजनांदगावच्या पलीकडे, गडचिरोलीच्या दिशेने जाऊ. अंबागड चौकीजवळ कौडीकसा नावाचं गाव आहे. ते आधी राजनांदगाव जिल्ह्यात होतं. 2022 पासून मोहला-मानपूर-अंबागड चौकी या नव्या जिल्ह्यात आहे. 1999 मध्ये संशोधकांनी या गावातल्या भूजलात आर्सेनिक असल्याचं प्रसिद्ध केलं, आणि काही विहिरींत तर ते मर्यादेच्या अनेकपट होतं. कुण्या कारखान्याचं ते पाप नाही. तिथल्या प्राचीन ज्वालामुखी खडकांतूनच ते पाण्यात उतरतं.

रायपूरला शिकलेलं सगळं या गावात उलटं होतं. विहिरीचं पाणी नितळ, थंड, चवीला गोड. काळ्या बाटलीत ते स्वच्छ राहील, टीडीएस मीटर समाधानाचा आकडा दाखवेल. कँडल आर्सेनिकला अडवत नाही, कारण ते विरघळलेलं आहे. कोळसा त्याला धरत नाही. यूएफमधून ते मिठासारखं आरपार जातं. काविळीच्या साथीत देवासारखं धावून येणारं उकळणं इथे किंचित नुकसानच करतं: वाफ उडते, आर्सेनिक उरलेल्या पाण्यात तसंच राहतं. इथे आरओ ही खरी उमेदवार आहे, पण हिशेब करून. मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम. विहिरीत समजा 200 आहेत आणि यंत्र 90 टक्के अडवतं. उरले 20, म्हणजे मर्यादेच्या दुप्पट. त्यातून भूजलात आर्सेनिक बहुधा अशा रूपात असतं की त्याच्यावर विद्युतभार नसतो, आणि ते पडद्यातून अधिकच निसटतं. क्लोरीनने ते रूप पालटता येतं, पण पडद्याला क्लोरीन सोसत नाही. हा पेच घरगुती यंत्रात सहज सुटत नाही. अशा गावात फिल्टर वाटण्यापेक्षा ती विहीर पिण्यासाठी बंद करून नदीचं प्रक्रिया केलेलं पाणी आणणं हाच शहाणपणा.

फ्लोराइडचं दुखणं मधलं आहे. छत्तीसगडमधल्या रायगढ जिल्ह्यातल्या तमनार भागात दात पिवळे-तपकिरी करणारं आणि हाडं वाकवणारं पाणी आहे. विदर्भात यवतमाळ-चंद्रपूरकडेही ते आहे. तिथे आरओ चालते. लिटरला 4 मिलिग्रॅम असेल तर 0.4वर येतं, मर्यादा दीडची आहे. पण नागपूरच्या नीरी या संस्थेने तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर वापरून फ्लोराइड बसवण्याची ‘नलगोंडा’ रीत कधीच दिली आहे. तिला पडदा लागत नाही, वीजही लागत नाही. माणूस मात्र लागतो, रोज न चुकता बादलीत तुरटी ढवळणारा. बहुतेक योजना तिथेच बसतात.

पुन्हा रायपूर. हिपॅटायटिस ई शरीरात शिरल्यापासून कावीळ दिसेपर्यंत दोन ते दहा आठवडे जातात, साधारण पाच-सहा. एखाद्या मोहल्ल्यात पहिले रुग्ण दिसतात, तेव्हा नाली पाइपात शिरून महिना उलटलेला असतो, आणि त्या महिन्यात तेच पाणी प्यायलेली माणसं अजून दवाखान्यात पोचलेली नसतात. त्या दिवशी फिल्टरची चौकशी करत बसू नका. शेजारी कावीळ झाल्याचं कळलं की त्याच संध्याकाळपासून प्यायचं पाणी खळखळून उकळी येईपर्यंत तापवा, उकळी मिनिटभर राहू द्या, आणि पाइप दुरुस्त होऊन नळाशी क्लोरीन दिसेपर्यंत ते चालू ठेवा. घरात गरोदर बाई असेल तर बाहेरचं सरबत आणि बर्फही बंद. टुल्लू पंप ज्याचा असेल, त्याच्या दारात सगळा मोहल्ला मिळून जा.